१० बाय ४ फुटांच्या बॅनरसाठी फोटो किती डीपीआयचा हवा?

मृण्मयी_द

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी बॅनर करायचाय. आकार १० फूट रुंद, ४ फूट उंच. डाव्या अर्ध्यात मजकूर आणि संस्थापकांचा जुना फोटो, उजव्या ५ बाय ४ फुटांत आमचा ग्रुप फोटो. ग्रुप फोटो मोबाइलवरचा आहे, ४००० बाय ३००० पिक्सेल. छापणाऱ्यांनी सांगितलं, "३०० डीपीआयची फाइल द्या." फोटोशॉपमध्ये उघडला तर ७२ दिसतं. `Image Size` मध्ये ७२चे ३०० केले, फाइल प्रचंड फुगली, पण चेहरे होते तसेच मऊ दिसतात, उलट जरा जास्तच. मग ३०० करून फायदा काय झाला? की हा फोटो बॅनरला चालणारच नाही?

अनिकेत_ग्राफिक्स

सरळ नियम आहे. स्क्रीनसाठी ७२, छपाईसाठी ३००. फोटो मुळातच ७२चा असेल तर तो छपाईचा नाही. कॅमेऱ्यावर काढलेला ३००चा फोटो मिळवा. कॉलेजात असताना आम्हाला हेच शिकवलं आणि व्हिजिटिंग कार्डापासून मासिकापर्यंत कधी अडलं नाही.

शाईवाला

अनिकेत, व्हिजिटिंग कार्ड आणि मासिक हातात धरून वाचतात, म्हणून अडलं नाही. बॅनर कोणी हातात धरत नाही.

मृण्मयीताई, आधी तो ७२ आकडा डोक्यातून काढा. ४००० बाय ३०००च्या फाइलवर ७२ लिहिलं काय नि ३०० लिहिलं काय, आत पिक्सेल तेवढेच. तो आकडा म्हणजे "मला छापलंत तर एका इंचात इतके पिक्सेल बसवा" अशी फाइलवर चिकटवलेली चिठ्ठी. तुम्ही फोटो ओढून ५ फुटांचा केलात की चिठ्ठी रद्दच होते.

तुमची फाइल फुगली कारण त्या खिडकीत `Resample` वर टिक होती. ४००० पिक्सेल ७२ने भागले की साडेपंचावन्न इंच होतात. प्रोग्रॅमने ते इंच कायम ठेवून इंचाला ३०० पिक्सेल भरायचे म्हणून ४०००चे १६,६०० च्या वर पिक्सेल केले. म्हणजे प्रत्येक खऱ्या पिक्सेलच्या आजूबाजूला सरासरीने काढलेले खोटे पिक्सेल पेरले. म्हणून फाइल मोठी आणि चेहरा मऊ. टिक काढून तोच आकडा बदलून बघा, फाइल एका बाइटनेही वाढणार नाही, फक्त इंच कमी दिसतील.

आता खरा हिशोब. तुम्हाला फोटो ५ फूट रुंद हवाय, म्हणजे ६० इंच. उंची ४ फूट, ४८ इंच. मोबाइलचा फोटो चारास तीन प्रमाणाचा, तुमची चौकट पाचास चार, त्यामुळे बाजूने थोडं कापून ३७५० बाय ३००० उरतात. ३७५० भागिले ६०, म्हणजे इंचाला साधारण ६२ पिक्सेल. बॅनरवरचा तुमचा खरा डीपीआय हा. आता मला सांगा, बॅनर लागणार कुठे आणि लोक त्याच्यापासून किती अंतरावर उभे राहणार?

मृण्मयी_द

प्रवेशद्वाराजवळ, भिंतीवर. रांगेतले लोक अंदाजे सहा फुटांवर असतील. पण एक अडचण. फोटोत वर छत आणि खाली फरशी बरीच आलीय. ते कापून फक्त माणसं ठेवायची आहेत. कापल्यावर २४०० बाय १९२० उरतात.

शाईवाला

मग २४०० भागिले ६०, बरोबर ४०. कापल्यावरच मोजायचं असतं. "माझा मोबाइल १२ मेगापिक्सेलचा आहे" याला अर्थ नाही. चौकटीत जे उरलं त्याचे पिक्सेल आणि ते किती इंचांवर पसरले, एवढंच बघायचं.

किती हवेत, ते डोळ्यावर ठरतं. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एक कला कोनाएवढा बारकावा वेगळा ओळखतो, एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्यावरून एक सोपा भागाकार निघतो: २८६ला अंतराच्या फुटांनी भागा. सहा फुटांवर ४८. दहा फुटांवर २९. तीन फुटांवर ९५. आणि एका फुटावर, म्हणजे मासिक हातात धरल्यावर, २८६. अनिकेतचे ३०० याच टोकाचे आहेत.

तुमचे ४० हे सहा फुटांसाठी थोडे कमी, सात फुटांपासून पुढे पुरेसे. माझ्या मते चालेल. फोटोत माणसांचे चेहरे असतात, बारीक अक्षरं नसतात. चेहरा ४०ला आणि ४८ला यात रांगेतल्या माणसाला फरक कळत नाही. पण लोक बॅनरसमोर उभं राहून, मागे वळून आपला चेहरा शोधणार असतील, तीन फुटांवरून, तर मऊपणा दिसेल. छत थोडं ठेवून कापा, ३००० पिक्सेल रुंदी राहिली तर ५० मिळतील.

अनिकेत_ग्राफिक्स

एक मिनिट. ज्या मशीनवर फ्लेक्स छापतात ती १४४० डीपीआयची असते. मशीन १४४०ची आणि फाइल ४०ची, मग मशीनचा उपयोग काय? फाइल मशीनच्या जवळपास तरी हवी ना?

शाईवाला

हा प्रश्न दुकानातही रोज येतो, कारण दोन वेगळ्या गोष्टींना आपण सगळेच डीपीआय म्हणतो. मशीनचे १४४० म्हणजे शाईचे थेंब ठेवण्याच्या जागा. मशीनकडे चार-सहा रंगांचीच शाई असते. त्वचेचा एक रंग दाखवायला तिला निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे कितीतरी थेंब शेजारी-शेजारी शिंपडावे लागतात, कुठे दाट, कुठे विरळ. ४०च्या फाइलमधला एक पिक्सेल रुंदीला ३६ थेंबांच्या जागा घेतो. त्या थेंबांचं काम रंग बनवण्याचं आहे, फोटोतला बारकावा दाखवण्याचं नाही.

आणि पूर्ण बॅनर खरोखर ३००ला करून बघ. १२० इंच गुणिले ३००, म्हणजे रुंदी ३६,००० पिक्सेल. साधी पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही, पीएसबी करावी लागते. उंची १४,४००. एकूण ५१ कोटींच्या वर पिक्सेल, आरजीबीमध्ये नुसता एक थर दीड जीबीचा. आणि एवढं करून बारकावा त्या २४०० पिक्सेलमधलाच.

अनिकेत_ग्राफिक्स

बरं, अंतराचं पटलं. पण मजकुराला तरी ३०० लागतात, यावर मी ठाम आहे. ४०ला अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात.

शाईवाला

पायऱ्यांबद्दल तू शंभर टक्के बरोबर. ४०ला एक पिक्सेल ०.६ मिलिमीटरहून मोठा असतो, आणि पांढऱ्यावर काळ्या अक्षराची तिरकी कड डोळा फार लवकर पकडतो. फक्त उपाय ३०० नाही. मजकूर आणि लोगो चित्रात मिसळायचेच नाहीत. बॅनर इलस्ट्रेटर, कोरल किंवा इनडिझाइनमध्ये मांडायचा, फोटो त्यात ठेवायचा, अक्षरं अक्षरंच राहू द्यायची आणि पीडीएफ द्यायची. मग अक्षरं मशीन देईल तितकी धारदार येतात. सगळा बॅनर फोटोशॉपमध्ये करून जेपीजी दिली की मजकूरही फोटोइतकाच मऊ होतो. "फोटो फाटला" म्हणून येणाऱ्या तक्रारींत अर्ध्या वेळा फोटो ठीक असतो आणि बोचत असतात ती अक्षरं.

मांडणी तिथे केली की अजून एक सोय. इलस्ट्रेटरच्या `Links` पॅनेलमध्ये ठेवलेला फोटो निवडला की `PPI` दिसतो, इनडिझाइनमध्ये `Effective PPI`. भागाकार करावाच लागत नाही.

कॅमेरावाले_काका

मी बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझ्याकडे आईवडिलांचा एक जुना कागदी फोटो आहे, साडेतीन बाय पाच इंच. तो मोठा करून भिंतीवर लावायचाय. स्कॅनरवर ४८०० पर्यंत डीपीआय आहेत. वरचं वाचून मी ४० वर स्कॅन करायचं ठरवलं आहे. बरोबर ना?

शाईवाला

काका, थांबा! ४० हा मोठा झाल्यावरचा आकडा. स्कॅनरचा डीपीआय लहान कागदावर मोजतात, आणि तिथे तो नुसती चिठ्ठी नसतो, तिथे खरोखर पिक्सेल जन्माला येतात. साडेतीन बाय पाच इंच ६००ला स्कॅन केलात तर २१०० बाय ३००० पिक्सेल मिळतील. ४०ला केलात तर १४० बाय २००, त्याचा स्टॅम्पसुद्धा धड होणार नाही.

४८०० लावू नका. साध्या कागदी फोटोत ३०० ते ६००च्या पलीकडे फारसं काही नसतं, पुढे फक्त कागदाचा पोत आणि धूळ मोठी होते. निगेटिव्ह सापडली तर गोष्ट वेगळी, ती उंच डीपीआयला स्कॅन करण्यात अर्थ आहे.

कॅमेरावाले_काका

निगेटिव्ह केव्हाच गेल्या. ६०० करतो. पण मग २१०० पिक्सेल म्हणजे भिंतीवर किती मोठा?

शाईवाला

घरात माणूस तीन फुटांवरूनही बघतो, म्हणजे ९५ धरा. २१०० भागिले ९५, साधारण २२ इंच रुंदी. त्याच्या वर गेलात तर मऊ दिसेल, पण जुन्या फोटोला डोळे तेवढं माफ करतात.

मृण्मयी_द

काकांच्या निमित्ताने माझाही दुसरा प्रश्न. संस्थापकांचा फोटो मला एका ग्रुपवर मिळाला. १२८० बाय ९६० आहे, पण त्यात आजूबाजूला माणसं आहेत. सरांचा चेहरा आणि खांदे कापले तर ५०० पिक्सेल रुंदी येते. तो २ फूट रुंद लावायचा होता.

शाईवाला

५०० भागिले २४ इंच, म्हणजे २१. त्या भागाकाराने साडेतेरा फूट लांबून बघावा लागेल. पण याच्यात कमी पिक्सेलपेक्षा मोठी गडबड वेगळीच आहे. चॅटवरून आलेला फोटो लहान तर होतोच, शिवाय जोरात दाबला जातो. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबते. मोबाइलवर ते चौकोन दिसत नाहीत. तुमच्या बॅनरवर २१ला तसा एक चौकोन जवळजवळ एक सेंटिमीटरचा होईल. सरांच्या गालावर सेंटिमीटरच्या फरश्या बसवल्यासारखं दिसेल. फोटो ४०० टक्के मोठा करून गाल, कपाळ, आकाश अशा सपाट भागांकडे बघा. चौकटी किंवा कडांभोवती किडे दिसले तर तो फोटो मोठा करायचा नाही.

मूळ कागदी फोटो कोणाकडे आहे ते शोधा. त्यावर सर खांद्यांसकट इंचभर रुंद असले तरी ६००ला स्कॅन करून ६०० पिक्सेल येतील, तेही स्वच्छ. मग १२ इंच रुंद लावा, ५० पडतील. मूळ नाहीच मिळाला तर चॅटवालाच १० इंचांवर लावा. छोटा आणि धारदार फोटो मोठ्या आणि फाटक्या फोटोपेक्षा केव्हाही बरा दिसतो.

ग्रुप फोटोही कोणी तुम्हाला चॅटवर पाठवला असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पुन्हा मागवा. ४००० बाय ३००० आहे म्हणजे बहुधा मूळच आहे.

सुलक्षणा_प

शाईवाल्यांचं बहुतेक सगळं मान्य, एका गोष्टीवर मतभेद. ४०ची फाइल तशीच दुकानात देऊ नये. दुकानातलं सॉफ्टवेअर ती कशी मोठी करेल हे आपल्या हातात नसतं. काही ठिकाणी पिक्सेल नुसते ताणले जातात आणि केसांच्या, चष्म्याच्या कडेला पायऱ्या येतात. मी स्वतः फोटोशॉपच्या `Preserve Details 2.0` ने १००पर्यंत नेते, मग कडा थोड्या धारदार करते आणि वरून अगदी बारीक कणी घालते. बारकावा वाढत नाही हे मला माहीत आहे, पण पायऱ्या जातात आणि कणीमुळे त्वचा मेणासारखी दिसत नाही.

शाईवाला

कणीचं मान्य. १००वर नेण्याबद्दल मी साशंक आहे. माझ्याकडे लोक असं मोठं करून आणतात तेव्हा दहापैकी बऱ्याच फाइलींत कडा इतक्या धारदार केलेल्या असतात की डोक्याभोवती पांढरी रेघ येते, आणि ती रेघ दहा फुटांवरूनही दिसते. मूळ फाइल दिली तर मी माझ्या मशीनला साजेसं वाढवू शकतो.

सुलक्षणा_प

तुम्ही वाढवू शकता. प्रत्येक दुकानात तुम्ही नसता.

शाईवाला

हे मात्र खरं. मग दुकानदाराला आधी विचारावं, एवढंच म्हणेन.

निनाद_रा

मध्येच बोलतो. माझा मोबाइल ५० मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ८००० पिक्सेलच्या वर रुंदी. मग मृण्मयीताईंनी माझ्यासारख्या मोबाइलवर पुन्हा फोटो काढला तर प्रश्नच मिटला की.

सुलक्षणा_प

पिक्सेल चौपट, तपशील चौपट नाही. अशा सेन्सरवर चार शेजारचे पिक्सेल मिळून एक धरायची सोय असते, म्हणून एरवी तो १२चाच फोटो देतो. ५०चा मोड भर उन्हात काही प्रमाणात फायदा देतो. घरात, संध्याकाळी तो गोंगाट, म्हणजे कमी उजेडातले ठिपके, पुसायला त्वचेवर बोट फिरवल्यासारखा लेप देतो. १०० टक्क्यांवर पापण्या मोजता येतात का ते बघ. येत नसतील तर ते ८००० पिक्सेल निव्वळ वजन आहे. डिजिटल झूम केलेल्या फोटोचंही तेच. आणि हात हललेला असेल तर डीपीआयची चर्चाच सोडून द्यायची.

मृण्मयी_द

सगळ्यांचे आभार. आता शेवटचं कोडं. दोन्ही बाजू ऐकून मी ठरवू कशी? बॅनर छापून आल्यावर कळून उपयोग नाही.

शाईवाला

घरच्या प्रिंटरवर बघा. ग्रुप फोटोतून सगळ्यात महत्त्वाच्या एका-दोन चेहऱ्यांचा ४०० बाय ३०० पिक्सेलचा तुकडा कापा. `Resample` ची टिक काढून ४० लिहा. तो १० बाय साडेसात इंच होतो, आडव्या ए४वर बसतो. छापताना "पानात बसवा" बंद ठेवा, १०० टक्केच हवं. हा तुमच्या बॅनरचा खऱ्या आकाराचा तुकडा. भिंतीला चिकटवा, सहा फुटांवर उभ्या राहा, मग तीन फुटांवर. सुलक्षणाताईंच्या पद्धतीने वाढवलेला तोच तुकडा शेजारी लावा. आमच्या दोघांचं भांडणही मिटेल.

प्रिंटर नसेल तर पडद्यावर. २४ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला साधारण ९२ पिक्सेल असतात. ९२ भागिले ४०, म्हणजे २३० टक्के झूम केलं की चेहरा बॅनरवर जेवढा असेल तेवढाच दिसतो. खुर्ची सोडून मागे जा. बरेच जण ४०० टक्के झूम करून, नाक पडद्याला लावून "फाटतोय" म्हणतात.

मृण्मयी_द

केलं. छत थोडं ठेवलं, आता ३००० बाय २४००, म्हणजे ५०. दोन्ही तुकडे भिंतीवर लावले. सहा फुटांवरून मला आणि घरच्यांना फरक सांगता आला नाही. तीन फुटांवर साध्या तुकड्यात चष्म्याच्या काड्या जरा खडबडीत वाटतात, वाढवलेल्यात गुळगुळीत आहेत, पण तिथे केस थोडे रंगवल्यासारखे दिसतात. मुलीला पहिला आवडला, मला दुसरा.

सुलक्षणा_प

केस रंगवल्यासारखे म्हणजे गोंगाट कमी करायचा स्लायडर जास्त ओढलाय. तो शून्याकडे न्या आणि पुन्हा एक तुकडा छापा.

अनिकेत_ग्राफिक्स

मी तरीही दुकानदाराला विचारेन की ३०० का मागितले. नंतर त्यांनी हात वर केले तर?

शाईवाला

विचारायलाच हवं. पुष्कळदा काउंटरवरचा माणूस सवयीने ३०० म्हणतो. किंवा त्यांना फाइल लहान प्रमाणात हवी असते. मोठे फलक एकास दहाने मांडतात, म्हणजे हा बॅनर १२ बाय ४.८ इंचांचा. त्या फाइलमध्ये ३०० म्हणजे प्रत्यक्षात ३०. तुमचे ५० त्या फाइलमध्ये ५०० दिसतील. तेव्हा "३०० कशावर, पूर्ण आकारावर की दहाव्या भागावर?" एवढंच विचारा, उत्तरावरून कळेल.

मृण्मयी_द

फोन केला. म्हणाले, "पूर्ण साइजची पीडीएफ पाठवा, ७२च्या पुढे असेल तर उत्तम, नसेल तर बघतो." ३००चं नावही नाही! मग ५०ची पाठवू की १००वर नेलेली?

शाईवाला

"नसेल तर बघतो" म्हणणारा कसं वाढवेल ते सांगता येत नाही. इथे मी सुलक्षणाताईंच्या बाजूने. १००वर नेलेली पाठवा, धारदारपणा हलका ठेवा. फाइलच्या नावात १२० बाय ४८ इंच आणि "पूर्ण आकार" लिहा. कडेला दुमड आणि रिंगा येतात, तेव्हा टोकाचे चेहरे तीन-चार इंच आत घ्या.

निनाद_रा

जाळीच्या कापडावर छापायचं असेल तर हाच हिशोब का?

शाईवाला

जाळीला भोकं असतात, बारकावा तिथेच गळतो. ३०ही पुष्कळ होतात. मात्र चेहरे मोठेच ठेवा, तळहाताएवढा चेहरा जाळीवर ओळखू येत नाही, डीपीआय काहीही असो.